जपानमधील वीज आणि आपले चार्जर

पुण्यात जपानी भाषेचे वर्ग अनेक वर्षांपासून चालतात आणि तेथून टोकियो, योकोहामा किंवा नागोयाकडे जाणाऱ्या अभियंत्यांची संख्या मोठी आहे. भाषा, हवामान, जेवणखाण यांची तयारी त्यांनी केलेली असते. विजेची तयारी मात्र बहुधा विमानतळावरील दुकानात घाईघाईने घेतलेल्या एका अॅडॉप्टरवर भागवली जाते. मोबाइलच्या बाबतीत ते चालून जाते. पण बॅगेत कपड्यांखाली विजेची किटली, ट्रिमर किंवा मिक्सर असेल, तर त्या अॅडॉप्टरचा काहीही उपयोग होत नाही. जपानमधील घरगुती वीज ही केवळ प्लगच्या आकारानेच नव्हे, तर दाबानेही भारतापेक्षा वेगळी आहे.

भारतात घराघरांत २३० व्होल्ट दाबाची वीज येते. जपानमध्ये हा दाब १०० व्होल्ट आहे. घरगुती विजेचा इतका कमी दाब जगात क्वचितच आढळतो. अमेरिकेतही तो १२० व्होल्ट असतो. त्यामुळे ‘अमेरिकेत चालले म्हणजे जपानमध्येही चालेल’ हा समजही दरवेळी खरा ठरत नाही. जपानच्या नियमांनुसार प्रत्यक्ष पुरवठा १०१ व्होल्टच्या आसपास, सहा व्होल्टच्या फरकाने कमी-अधिक असू शकतो. म्हणजे भिंतीतील सॉकेटमध्ये कधी ९५ व्होल्टही मिळू शकतात.

उपकरण तेथे चालेल की नाही, हे ठरवण्यासाठी प्लगकडे नव्हे, तर चार्जरवरील बारीक अक्षरांकडे पाहावे लागते. लॅपटॉपच्या वायरीत मध्ये असणारा काळा ठोकळा किंवा मोबाइलचा चार्जर उलटा केला की ‘इनपुट’ या शब्दापुढे दाबाचे आकडे दिसतात. तेथे १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्‌झ असे लिहिलेले असेल, तर तो चार्जर जपानमध्ये निर्धास्तपणे वापरता येतो. नामांकित कंपन्यांच्या मोबाइल, लॅपटॉप आणि कॅमेऱ्याच्या चार्जरवर जवळपास नेहमी हेच आकडे असतात, कारण एकच चार्जर सर्व देशांत विकता यावा अशीच त्याची रचना केलेली असते. आतील इलेक्ट्रॉनिक मंडल प्रथम येणाऱ्या विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर करते, मग ती अतिशय वेगाने चालू-बंद करून हवा तो दाब तयार करते. बाहेर १०० व्होल्ट आहेत की २३०, याने त्याला फरक पडत नाही. मोबाइल चार्ज होण्याचा वेगही कमी होत नाही. चार्जर फक्त भिंतीतून अधिक विद्युतप्रवाह ओढून तीच शक्ती पुरवतो. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर पुण्यात साधारण ०.३ अँपिअर घेत असेल, तर टोकियोत तो पाऊण अँपिअरच्या जवळपास घेईल, इतकाच बदल.

अडचण येते ती २२० ते २४० व्होल्ट एवढेच लिहिलेल्या चार्जरची. स्थानिक बाजारात स्वस्तात मिळणारे काही चार्जर, दाढीच्या ट्रिमरचे जुने चार्जर आणि रिचार्जेबल दिव्यांचे चार्जर या प्रकारात मोडतात. १०० व्होल्टवर ते जळत नाहीत. ते एक तर सुरूच होत नाहीत किंवा दिवा लागतो पण बॅटरी भरत नाही. रात्रभर लावून ठेवलेला ट्रिमर सकाळी पाच मिनिटांत बंद पडला, तर बिघाड ट्रिमरमध्ये न शोधता आधी हे आकडे तपासावेत.

प्लग चपटा, पिना दोनच

जपानमधील सॉकेटला दोन उभ्या चपट्या फटी असतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याला ‘ए’ प्रकार म्हणतात. प्लगच्या दोन समांतर पात्यांमधील अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच असते. भारतीय मोबाइल चार्जरच्या पिना गोल असतात आणि त्यांतील अंतर साधारण १९ मिलिमीटर असते. त्यामुळे कितीही जोर लावला तरी तो चार्जर तेथे बसत नाही. लॅपटॉपचा तीन गोल पिनांचा भारतीय प्लग तर नाहीच नाही.

यावर उपाय म्हणजे गोल पिनांचे चपट्या पात्यांत रूपांतर करणारा छोटा अॅडॉप्टर. तो कोणत्याही विद्युत साहित्याच्या दुकानात मिळतो. येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यायला हवी. हा अॅडॉप्टर फक्त आकार बदलतो, दाब बदलत नाही. त्याच्या वेष्टनावर सर्व देशांचे झेंडे छापलेले असले तरी आत केवळ पितळी पट्ट्या असतात. २३० व्होल्टचे उपकरण त्यातून लावले, तर त्याला १०० व्होल्टच मिळतात.

लॅपटॉपसाठी मात्र अॅडॉप्टरपेक्षा अधिक नेटका आणि स्वस्त मार्ग आहे. काळ्या ठोकळ्यापासून भिंतीपर्यंत जाणारी वायर बहुतेक लॅपटॉपमध्ये ठोकळ्यातून ओढून वेगळी करता येते. तिच्या टोकाला तीन गोलसर पाकळ्यांसारखा जोड असतो, काही लॅपटॉपमध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन छिद्रांचा. हे जोड जगभर सारखेच आहेत. जपानमधील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जुनी वायर दाखवली की तशाच जोडाची, पण दुसऱ्या टोकाला जपानी प्लग असलेली वायर मिळते. दीर्घ वास्तव्यासाठी जाणाऱ्याने हीच घ्यावी. जड अॅडॉप्टर आणि त्यावर लोंबकळणारा तीन पिनांचा प्लग जपानी सॉकेटमध्ये घट्ट बसत नाही. तो थोडा बाहेर सरकतो आणि अर्धवट उघड्या पात्यांमध्ये धूळ व दमट हवा साचते. त्यातून हळूहळू विजेची वाट तयार होऊन ठिणगी पडण्याच्या प्रकाराला जपानी लोक ‘ट्रॅकिंग’ म्हणतात आणि घरातील आगींच्या कारणांत त्याचा उल्लेख होतो. प्लग हाताला कोमट लागणे, त्याच्या मुळाशी तपकिरी डाग दिसणे किंवा बारीक चरचर ऐकू येणे ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसताच तो प्लग काढून टाकावा.

जपानी सॉकेट बारकाईने पाहिले तर एक फट दुसरीपेक्षा किंचित लांब असते. लांब फट न्यूट्रलची. सामान्य जपानी प्लगची दोन्ही पाती सारख्याच रुंदीची असल्याने तो कसाही बसतो. पण अमेरिकेतून आणलेल्या काही प्लगचे एक पाते मुद्दाम रुंद केलेले असते. ते जुन्या इमारतींतील सॉकेटमध्ये अडते. अमेरिकेतून थेट टोकियोला बदली झालेल्यांना हा अनुभव येतो. तीन पिनांचे अमेरिकी पद्धतीचे सॉकेटही जपानमध्ये घरोघरी नसते. ते कार्यालयांत अधिक आढळते.

मग अर्थिंगचे काय, हा प्रश्न भारतीय वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. जपानी घरांत अर्थिंगची सोय धुलाई यंत्र, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह यांच्या जागी असते. तेथे सॉकेटच्या खाली एक छोटे झाकण असून त्यामागे स्क्रू असतो. उपकरणाच्या प्लगजवळून निघालेली हिरवी वायर त्या स्क्रूखाली आवळायची असते. झोपण्याच्या खोलीतील सॉकेटला ही सोय बहुधा नसतेच. धातूचे आवरण असलेला लॅपटॉप अर्थिंगविना चार्ज करताना त्यावर मनगट टेकवले की बारीक झिणझिण्या जाणवतात, हे भारतातही अनेकांनी अनुभवले असेल. चार्जरमधील गोंगाट गाळणाऱ्या संधारित्रांतून येणारा हा अत्यल्प प्रवाह असतो. त्याचा दाब पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. जपानमध्ये पुरवठाच १०० व्होल्टचा असल्याने या झिणझिण्या भारतापेक्षा सौम्य असतात. चार्जर चांगला असेल तर त्यात धोका नाही. झटका बसल्यासारखे वाटले, तर मात्र चार्जर सदोष आहे असे समजावे.

एका देशात दोन वारंवारिता

जपानच्या विजेची आणखी एक विलक्षण बाब म्हणजे देशाच्या पूर्व भागात ती ५० हर्ट्‌झची आणि पश्चिम भागात ६० हर्ट्‌झची आहे. टोकियो आणि योकोहामा पहिल्या भागात, तर नागोया, क्योटो आणि ओसाका दुसऱ्या भागात येतात. सीमारेषा ढोबळमानाने शिझुओका प्रांतातील फुजी नदीपासून निइगाता प्रांतातील इतोइगावापर्यंत जाते. याचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या खरेदीत आहे. टोकियोच्या वीज कंपनीने जर्मनीतून ५० हर्ट्‌झची जनित्रे आणली आणि ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेतून ६० हर्ट्‌झची. पुढे दोन्ही जाळी इतकी पसरली की एकाला दुसऱ्यात मिसळणे परवडेनासे झाले. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा असताना पश्चिमेकडून मदत पाठवण्यावर याच कारणाने मर्यादा आली. वारंवारिता बदलणाऱ्या केंद्रांची क्षमता तेव्हा सुमारे १००० मेगावॅट होती. २०२१ मध्ये ती २१०० मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आली.

मोबाइल आणि लॅपटॉपच्या मालकाला या सगळ्याची चिंता करण्याचे कारण नाही. चार्जरवर ५०/६० हर्ट्‌झ लिहिलेले असते, तेवढे पुरते. मात्र टोकियोत घेतलेला जुना, साध्या रचनेचा मायक्रोवेव्ह घेऊन ओसाकाला बिऱ्हाड हलवणाऱ्याने त्यावरील आकडा पाहावा. एकाच वारंवारितेसाठी बनवलेला ओव्हन दुसरीकडे नीट काम करत नाही. स्वस्तात वापरलेल्या वस्तू विकत घेताना विद्यार्थ्यांची येथेच फसगत होते.

किटली आणि मिक्सरचे गणित

पुण्याहून दोन वर्षांसाठी टोकियोला निघालेल्या एखाद्या अभियंत्याची बॅग डोळ्यांपुढे आणून पाहू. त्यात मोबाइलचा चार्जर, ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर, १५०० वॅटची विजेची किटली आणि आईने आग्रहाने दिलेला ७५० वॅटचा मिक्सर आहे. पहिल्या दोन वस्तूंचा निकाल वर लागलाच आहे.

किटलीत इलेक्ट्रॉनिक मंडल नसते, फक्त तापणारी तार असते. अशा तारेची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब २३० वरून १०० वर आला, म्हणजे निम्म्याहून थोडा कमी झाला, की उष्णता एक पंचमांशाहूनही खाली येते. १५०० वॅटची किटली टोकियोत जेमतेम २८० वॅटची उरते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला पुण्यात साडेतीन-चार मिनिटे लागत असतील, तर तेथे कागदावरील हिशेबानेच १८ मिनिटांहून अधिक लागतील. प्रत्यक्षात किटली तापत असताना तिची उष्णता बाहेरही जात राहते, त्यामुळे वेळ आणखी लांबतो. किटली बिघडलेली नसते. तिला पुरेशी वीज मिळत नसते. कपड्यांची इस्त्री आणि केस वाळवण्याचे यंत्र यांचीही हीच गत होते. या वस्तू जपानमध्ये सहज मिळतात. त्या तेथेच घ्याव्यात आणि बॅगेतील वजन वाचवावे.

मिक्सरची गोष्ट वेगळी. जपानी दुकानांतील ब्लेंडर फळांचा रस काढण्यापुरते ठीक असतात, भिजवलेली उडदाची डाळ किंवा ओल्या खोबऱ्याचे वाटण त्यांना झेपत नाही. त्यामुळे मिक्सर नेण्यामागील आईचा आग्रह निराधार नाही. परंतु २३० व्होल्टचा मिक्सर १०० व्होल्टवर लावला तर पाते रेंगाळत फिरते आणि घट्ट वाटण पडले की अडून बसते. मोटार अडलेल्या अवस्थेत खटका चालू ठेवला तर ती तापते, जळका वास येतो. तो मिक्सर चालवायचाच असेल तर १०० व्होल्टचे २२० किंवा २३० व्होल्ट करणारा दाबवर्धक ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. टोकियोतील अकिहाबारा भागात असे ट्रान्सफॉर्मर विकत मिळतात. मोटार सुरू होताना क्षणभर अधिक प्रवाह ओढते, म्हणून ७५० वॅटच्या मिक्सरला त्याच क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. तो निदान १५०० व्होल्ट-अँपिअरचा हवा, आणि तो अनेक किलो वजनाचा असतो. त्यापेक्षा अमेरिकेतील भारतीयांसाठी बनवलेला ११० व्होल्टचा मिक्सर भारतातूनच घेऊन जाणे सोयीचे पडते. १०० व्होल्टवर तो किंचित मंद फिरतो, पण काम करतो. त्याच्या मोटारीला ५० किंवा ६० हर्ट्‌झचाही फरक पडत नाही.

जपानी घरांत २०० व्होल्टचे सॉकेटही असते, असे कानावर आल्यावर काही जण भारतीय उपकरणे त्यावर चालवण्याचा विचार करतात. असे सॉकेट वातानुकूलन यंत्रासारख्या मोठ्या उपकरणासाठी राखून ठेवलेले असते आणि त्याच्या फटींची ठेवण निराळी असते. घरमालकाला न विचारता त्यावर घरगुती जोडण्या करणे म्हणजे अपघाताला आणि भाडेकराराच्या भंगाला आमंत्रण आहे.

एका सॉकेटवर किती भार?

दाब कमी म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह अधिक. म्हणूनच जपानी घरांत फ्यूज उडण्याचा, किंबहुना ब्रेकर पडण्याचा प्रसंग नवख्या भारतीयांवर वारंवार येतो. साध्या सॉकेटची मर्यादा १५ अँपिअर, म्हणजे १०० व्होल्टवर १५०० वॅट असते. एकाच सॉकेटवरून अनेक वायरी काढण्याच्या सवयीला जपानीत ‘ताको-आशी’ म्हणजे ऑक्टोपसचे पाय असे नाव आहे. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चारपाच चार्जर एका पट्टीवर लावले तरी एकूण भार दोनअडीचशे वॅटच्या पुढे जात नाही, तेव्हा त्यात धोका नाही. त्याच पट्टीवर किटली किंवा हीटर लावला, की मर्यादा ओलांडली जाते.

याशिवाय टोकियोच्या परिसरात वीज कंपनीशी करार करतानाच घरासाठी किती अँपिअर हवे हे ठरवायचे असते. लहान घरांत ३० अँपिअरचा करार सर्रास दिसतो. एकाच वेळी वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह आणि केस वाळवण्याचे यंत्र सुरू झाले की संपूर्ण घर अंधारात जाते. दाराजवळील पेटीतील मोठा खटका वर केला की वीज परत येते. त्याआधी एखादे उपकरण बंद करायला हवे, अन्यथा खटका पुन्हा पडतो.

तेथे नवा चार्जर किंवा पॉवर बँक घेताना त्यावर ‘पीएसई’ ही खूण आहे का, ते पाहावे. जपानच्या विद्युत सुरक्षा कायद्यानुसार ही खूण आवश्यक असते. चार्जरवर ती चौकटीच्या, म्हणजे पत्त्यांतील चौकटच्या आकारात असते, तर लिथियम बॅटरीच्या पॉवर बँकवर वर्तुळात. पॉवर बँकसाठी ही सक्ती फेब्रुवारी २०१९ पासून पूर्णपणे लागू झाली. विमानात पॉवर बँक सामानाच्या बॅगेत टाकता येत नाही, ती सोबतच न्यावी लागते. जुलै २०२५ पासून जपानी विमान कंपन्यांनी ती डोक्यावरील कप्प्यात न ठेवता नजरेसमोर ठेवण्यास सांगितले आहे. हे नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी विमान कंपनीकडे चौकशी करणे बरे.

घराबाहेर चार्जिंगची सोय चांगली आहे, पण तिला शिस्त आहे. २०२० पासून धावू लागलेल्या ‘एन ७०० एस’ या शिंकान्सेन गाडीत प्रत्येक आसनाला सॉकेट आहे. जुन्या ‘एन ७००’ गाड्यांत ते मुख्यतः खिडकीजवळच्या आणि पहिल्या-शेवटच्या रांगेतील आसनांनाच मिळते, म्हणून आरक्षण करताना खिडकी मागून घ्यावी. उपाहारगृहात मात्र भिंतीत सॉकेट दिसले म्हणून त्यात चार्जर खुपसू नये. जपानच्या दंडसंहितेतील कलम २४५ नुसार वीज ही चोरीच्या संदर्भात मालमत्ता मानली जाते, आणि साफसफाईच्या यंत्रासाठी ठेवलेल्या सॉकेटवर परवानगीविना मोबाइल लावणे ही तांत्रिकदृष्ट्या चोरीच ठरते. ग्राहकांसाठी राखलेल्या सॉकेटजवळ तशी सूचना असते. ती नसेल तर सेवकाला विचारावे.

परतीच्या प्रवासात हेच गणित उलटे होते, आणि नुकसान खरे तेव्हा होते. जपानी राइस कुकर हौसेने भारतात आणले जातात. त्यांचा प्लग दोन चपट्या पात्यांचा असल्याने भारतीय सॉकेटमध्ये तो बसू नये अशी अपेक्षा असते. पण अनेक एक्स्टेन्शन बोर्डांवर सर्व देशांचे प्लग घेणारी ‘युनिव्हर्सल’ सॉकेट्स असतात आणि त्यांत तो विनासायास बसतो. साध्या तापणाऱ्या तारेच्या कुकरला १०० ऐवजी २३० व्होल्ट मिळाले की त्यातील उष्णता पाचपटीहून अधिक होते. ६०० वॅटचा कुकर क्षणार्धात तीन हजार वॅटपलीकडे जातो. नशीब चांगले असेल तर आतला फ्यूज उडून काम थांबते. इलेक्ट्रॉनिक कुकरचे मंडल तर बहुधा पहिल्याच सेकंदाला निकामी होते. असा कुकर आणायचाच असेल तर २३० चे १०० व्होल्ट करणारा दाबरोधक ट्रान्सफॉर्मर घ्यावा, त्याची क्षमता कुकरच्या वॅटपेक्षा निदान दीडपट ठेवावी, आणि कुकरच्या प्लगला ‘फक्त १०० व्होल्ट’ अशी चिठ्ठी बांधावी, म्हणजे घरातील दुसरे कोणी तो चुकून भिंतीत लावणार नाही.